‘शेतजमिनीला टॅक्स नसतो’ म्हणणाऱ्यांनो, आधी हद्द मोजा



गेल्या काही वर्षांत जमीन विकलेली आपली माणसं माझ्याकडे कागद घेऊन येतात तेव्हा त्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं. ‘शेतजमीन होती, सातबारा होता, शेतजमिनीला टॅक्स नसतो.’ हे वाक्य त्यांना एजंटाने सांगितलेलं असतं, दस्त लिहिणाऱ्याने सांगितलेलं असतं, कधी शिकलेल्या पुतण्याने सांगितलेलं असतं. हे वाक्य अर्धं खरं आहे. त्याचा उरलेला खोटा अर्धा भाग कोणाच्या अंगावर पडतो, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्या चळवळीतही एक समज आहे की आयकर हा श्रीमंतांचा विषय. गायरान, अतिक्रमण, वतन यांवर आपण मोर्चे काढतो आणि ते काढलेच पाहिजेत. पण तीच जमीन नावावर झाल्यानंतर, तीस वर्षांनी शहर तिच्या बांधापर्यंत आल्यावर आणि ती विकायची वेळ आल्यावर काय होतं, यावर आपल्या शिबिरांत एक तासही दिला जात नाही. तो तास इथे देतो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आयकर कायद्यात ‘भांडवली मालमत्ता’ अशी एक संज्ञा आहे. घर, प्लॉट, सोनं, शेअर या वस्तू विकून जो नफा होतो त्यावर कर लागतो, कारण त्या भांडवली मालमत्ता आहेत. गावातली शेतजमीन या संज्ञेच्या बाहेर ठेवली आहे. ती विकून पाच लाख मिळोत की पाच कोटी, तिच्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. इथपर्यंत एजंट खरं बोलतो.

पण ‘गावातली’ म्हणजे कुठली, हे गावकरी ठरवत नाहीत, तलाठी ठरवत नाही, ग्रामपंचायतीचा फलकही ठरवत नाही. ते ठरतं जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या आणि तिच्या हद्दीपासूनचं अंतर यावर. दहा हजार किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या, महापालिकेच्या, नगरपंचायतीच्या किंवा कटक मंडळाच्या हद्दीत जमीन असेल, तर ती भांडवली मालमत्ता आहे. मग तुम्ही तिथे ज्वारी पेरा नाहीतर ऊस लावा. जमीन हद्दीबाहेर असली तरी सुटका नाही. दहा हजारांपासून एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या शहराभोवती दोन किलोमीटर, एक लाख ते दहा लाखांच्या शहराभोवती सहा किलोमीटर आणि दहा लाखांच्या वरच्या शहराभोवती आठ किलोमीटरचा पट्टाही कायद्याने शहरातच धरला आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण ही रेषा जागची हलली नाही.

हे अंतर रस्त्याने नाही, हवाई मोजायचं. पूर्वी यावर कोर्टात भांडणं चालत. एसटीच्या तिकिटावरचे किलोमीटर धरायचे की सरळ रेषा? २०१३ च्या वित्त अधिनियमाने ते मिटवलं आणि सरळ रेषा धरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्ये सांगितलं की हा बदल पुढच्या काळासाठी आहे, जुन्या व्यवहारांना तो लावता येणार नाही. जुनी केस कोणाची प्रलंबित असेल तर हे लक्षात ठेवा. आज विकणाऱ्यासाठी मात्र सरळ रेषाच. आणि ती मोजायची हद्दीपासून, बसस्टँडपासून किंवा कलेक्टर कचेरीपासून नाही. नव्वद टक्के चूक इथेच होते. ‘आमचं गाव सोलापूरपासून चौदा किलोमीटर’ असं सांगणारा माणूस बसस्टँडपासूनचा हिशोब सांगत असतो.

आता एक प्रकरण घ्या. गावाचं आणि कुटुंबाचं नाव देत नाही, आकडेही समजायला सोपे केले आहेत.

सोलापूरजवळचं गाव. वडिलांच्या नावची दोन एकर जिरायत जमीन, वडिलांमागे चार वारसांच्या नावे फेरफार झाला. दोन भाऊ गावात राहून तीच जमीन कसत होते, बहीण सोलापुरात सासरी, एक भाऊ पुण्यात खासगी नोकरीत. जून २०२५ मध्ये त्यांनी जमीन चाळीस लाखांना विकली. प्रत्येकाच्या खात्यात दहा लाख आले. एजंट म्हणाला, शेतजमीन आहे, टॅक्स नाही. वर आणखी एक बोलला, आणि ते जास्त घातक होतं : ‘तसंही बारा लाखांपर्यंत सरकारने माफच केलंय.’

गावातून महापालिकेच्या हद्दीपर्यंत रस्ता नऊ किलोमीटर. नकाशावर सरळ रेषा टाकली तर पाच किलोमीटर आणि थोडं वर. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख, म्हणजे सहा किलोमीटरचा पट्टा. जमीन पट्ट्याच्या आत. विषय संपला, ती भांडवली मालमत्ता.

मग हिशोब असा. जमीन वडिलोपार्जित, २००१ च्या आधीची. अशा वेळी १ एप्रिल २००१ रोजीची बाजारातली किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते, फक्त ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. समजा ती दोन लाख निघाली. नफा अडतीस लाख, प्रत्येकाच्या वाट्याला साडेनऊ. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमिनीसाठी दोन रस्ते आहेत : महागाईचा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, किंवा निर्देशांक लावून वीस टक्के. इथे २०२५-२६ चा निर्देशांक ३७६, त्यामुळे दोन लाखांचे सात लाख बावन्न हजार होतात. नफा साडेबत्तीस लाखांच्या जवळ येतो, पण त्याचे वीस टक्के हे अडतीस लाखांच्या साडेबारा टक्क्यांपेक्षा जास्त भरतात. म्हणून साडेबारा टक्केच घ्यायचे. जमिनीचे भाव महागाईच्या कितीतरी पुढे गेलेत, त्यामुळे शहरालगतच्या बहुतेक व्यवहारांत हेच उत्तर येईल. तरी दोन्ही हिशोब करून पाहा.

गावातल्या दोन भावांना आणि बहिणीला दुसरं करपात्र उत्पन्न नाही. नव्या करपद्धतीतली चार लाखांची मूळ मर्यादा त्यांना या नफ्यातून वजा करता येते. उरले साडेपाच लाख. त्यावर साडेबारा टक्के आणि उपकर मिळून प्रत्येकी ७१,५०० रुपये. पुण्यातल्या भावाची मूळ मर्यादा पगारातच संपली आहे, म्हणून त्याला पूर्ण साडेनऊ लाखांवर १,२३,५०० रुपये. शिवाय पगार आणि नफा मिळून त्याचं उत्पन्न बारा लाखांच्या वर गेलं, त्यामुळे पगारावर मिळणारी माफीही त्याच्या हातून जाऊ शकते. चौघांचे मिळून जमिनीवरचेच ३,३८,००० रुपये.

आणि ते ‘बारा लाखांपर्यंत माफ’? ती माफी पगार, मजुरी, धंदा अशा नेहमीच्या दराच्या उत्पन्नावर आहे. जमिनीच्या नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नाला ती लागू नाही. साडेनऊ लाख बारा लाखांच्या आत आहेत हे खरं, आणि तरीही कर लागतो हेही खरं. टीव्हीवर बजेट ऐकून निश्चिंत झालेल्या माणसाला हे कोणी सांगितलंच नाही.

वेळेवर सावध करणारं काही घडतही नाही. पन्नास लाख किंवा जास्तीच्या व्यवहारात अशा जमिनीच्या खरेदीदाराला एक टक्का कर कापून भरावा लागतो. निदान तेवढ्याने विकणाऱ्याला कळतं की काहीतरी आहे. चाळीस लाखांच्या दस्तात काहीच कापलं जात नाही. पण तीस लाख आणि त्यापुढच्या प्रत्येक दस्ताची माहिती निबंधक कार्यालयातून आयकर खात्याला जाते. म्हणजे खात्याला सगळं ठाऊक, आणि विकणारा अंधारात. दोन वर्षांनी व्याजासकट नोटीस येते, तोवर पैसे मुलीच्या लग्नात, दवाखान्यात आणि घराच्या स्लॅबमध्ये गेलेले असतात.

आता याच गावाच्या पलीकडे या. सरळ रेषेने साडेसहा किलोमीटरवर एका बड्या माणसाची वीस एकर बागायत आहे. त्याने ती आठ कोटींना विकली. कर शून्य. जमिनी घेणं-विकणं हाच त्याचा धंदा असल्याचं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. पण सातबाऱ्यावर दरवर्षी ऊस लागलेला असेल तर त्याला कोण विचारतो? दोन एकरवाल्या चौघांनी मिळून तीन लाख अडतीस हजार भरायचे आणि आठ कोटीवाल्याने एक रुपयाही नाही. ही चोरी नाही, पळवाट नाही. कायदा जसा लिहिला आहे तसा पाळला की हेच उत्तर येतं.

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना जमीन महसुलावर नेमका हाच आक्षेप घेतला होता. शेतकऱ्याचं उत्पन्न कितीही असो, महसूल त्याच्याकडून घेतला जातो. आयकर मात्र उत्पन्न असेल त्याच्याचकडून. कर माणसाच्या ऐपतीवर असावा, ही त्यांची मागणी होती. शंभर वर्षांनी आयकरातच एक कोपरा असा सापडतो जिथे ऐपत कोणी विचारत नाही. विचारतात फक्त अंतर.

इथे काही कार्यकर्ते म्हणतील, मग मागणी काय, सगळ्याच शेतजमिनीला माफी? नाही. मी असं म्हणणार नाही. शहराजवळच्या जमिनीचा भाव वाढतो तो मालकाच्या घामामुळे नाही. सरकारी रस्ता, पाणी, एमआयडीसी, कॉलेज यांमुळे. त्या वाढीतला वाटा समाजाने मागावा हे न्याय्यच आहे. १९७० पर्यंत देशातली सगळीच शेतजमीन या कराबाहेर होती. त्या वर्षी शहरालगतची जमीन आत घेतली, त्यामागे हाच विचार. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने असा नफा शेतीचंच उत्पन्न असल्याचा निकाल दिला, तेव्हा संसदेने १९८९ मध्ये कायद्यात खुलासा घालून तो निकाल १९७० पासूनच निष्प्रभ केला. म्हणजे सरकारला हा कर हवा तेव्हा कायदा मागे जाऊनही बदलता येतो. मग आठ कोटींच्या माफीला मर्यादा घालायला कोणी अडवलं आहे? आणि दोन एकर विकून घर बांधणाऱ्याला एक ठरावीक रक्कम मोकळी सोडायला? माझा आक्षेप कराला नाही. छोट्या माणसाला आत आणि मोठ्याला बाहेर ठेवणाऱ्या रेषेला आहे.

आणि ही रेषा स्थिर नाही. कायदा लोकसंख्या मोजतो ती आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेची. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून आज २०१६ मध्ये विकणाऱ्यालाही २०११ चे आकडे आणि २०२६ मध्ये विकणाऱ्यालाही तेच. आता २०२७ ची जनगणना येते आहे. सोलापूर २०११ मध्ये साडेनऊ लाख होतं. दहा लाखांच्या वर गेल्याचे आकडे प्रसिद्ध झाले, की पुढच्या १ एप्रिलपासून पट्टा सहाचा आठ किलोमीटर होईल. पंढरपूर २०११ मध्ये लाखाला थोडंच कमी होतं. तिथे दोनचा थेट सहा होईल. बांध तोच, विहीर तीच, पीक तेच, आणि एका सकाळी जमीन गावची राहणार नाही. हद्दवाढीनेही हेच होतं. पुण्यात २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत गेली, आणि त्यांच्याबरोबर आठ किलोमीटरचा पट्टाही बाहेर सरकला. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेल्या तालुक्याच्या गावांतही लोकसंख्या दहा हजार असेल तर तेच. यांपैकी कुठलाही बदल होताना शेतकऱ्याला नोटीस येत नाही.

उलटही सांगतो, कारण अनेकदा आपली माणसं भीतीने नको तिथे कर भरतात. दहा हजारांपेक्षा कमी लोकसंख्येची नगरपंचायत असेल तर तिच्या हद्दीतली शेतजमीनही ग्रामीणच. जमीन सरकारने सक्तीने संपादित केली असेल, तर शहरालगतची असली तरी दोन वर्षं शेतीसाठी वापरलेली असल्यास वैयक्तिक मालकाला सूट आहे, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर आयकर नाही. पण खासगी कंपनीच्या माणसाने दारात येऊन ‘संपादनच समजा’ म्हणत खरेदीखत करून घेतलं, तर ते संपादन नव्हे, विक्री आहे.

मर्यादेबाहेरची जमीन आहे म्हणून निर्धास्त होणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जमीन प्रत्यक्षात शेतजमीन असावी लागते. सातबारा हा मोठा पुरावा, पण शेवटचा नाही. १९९३ मध्ये सुरतच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहनिर्माण संस्थेला विकलेली जमीन शेतजमीन मानली नाही, सरकारी दप्तरात ती शेती म्हणून असली तरी. बिगरशेती परवानगी घेतली होती, विक्री घरांसाठी होती, दर चौरस वारावर ठरला होता. आपल्याकडे एजंट आधी एनए करून मग विकायला सांगतात, भाव चांगला मिळतो म्हणून. भाव मिळतो, पण पट्ट्याच्या बाहेरची जमीनही त्या दिवशी करात येते. हा हिशोब एनएचा अर्ज करण्याआधी करायचा असतो.

वतनाच्या जमिनी हा आपला खास प्रश्न. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी कायदेमंडळात वतन विधेयक मांडलं. वतनं प्रत्यक्षात संपली ती १९५८ च्या कायद्याने, आणि जमिनी परत मिळाल्या त्या नवीन अविभाज्य शर्तीवर. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसतं ते हेच. ही जमीन शेतीखेरीज कामासाठी विकायची तर परवानगी आणि नजराणा लागतो. म्हणजे राज्य सरकार आधी भावातला मोठा वाटा घेतं आणि मग केंद्र सरकार नफ्यावर कर मागतं. इथे एक काम नक्की करा : नजराणा भरल्याचं चलन जपून ठेवा. विक्रीसाठी झालेला खर्च म्हणून नफ्यातून तो वजा करण्याचा दावा करता येतो. मी पाहिलेल्या कागदांत हा दावा कोणी केलेलाच नव्हता, कारण चलन खरेदीदाराच्या वकिलाकडे राहिलं होतं.

सोलापूरच्या त्या चौघांपुढे अजूनही मार्ग आहेत. शहरालगतची शेतजमीन विकण्याआधी दोन वर्षं मालक किंवा त्याचे आईवडील ती शेतीसाठी वापरत असतील, आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर गुंतवलेल्या नफ्याएवढा कर माफ होतो. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जमीन सापडली नाही तर पैसे बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवायचे; साध्या बचत खात्यात ठेवले तर सूट जाते. गावातल्या दोन भावांना हे जमेल, त्यांच्या पीकपाहणीवर ज्वारी आहे. बहिणीने आणि पुण्याच्या भावाने स्वतः शेती केली नाही, त्यांना अधिकारी प्रश्न विचारणारच. त्यांच्यासाठी घराचा मार्ग बरा. विक्रीची सगळी रक्कम, केवळ नफा नव्हे, दोन वर्षांत घर घेण्यात किंवा तीन वर्षांत बांधण्यात घातली आणि आधी एकापेक्षा जास्त घर नावावर नसेल, तर सूट आहे.

आपल्यातली किती कुटुंबं गाव सोडून पुण्या-मुंबईला गेली आणि मागे जमीन पडीक राहिली किंवा बटईने दुसऱ्याकडे गेली, ते तुम्हाला माहीत आहे. पीकपाहणीत ‘पड’ लागलेली दोन वर्षं म्हणजे शेतीच्या सवलतीवर पाणी. गावात जातीचा त्रास होता म्हणून जमीन सोडून गेलेल्याला कायदा विचारतो, मग शेती का केली नाहीत?

म्हणून विकण्याआधी, इसार घेण्याआधी, तीन कागद हातात घ्या. जवळच्या प्रत्येक नगरपालिकेची २०११ ची लोकसंख्या. एकच मोठं शहर पाहू नका, तालुक्याची छोटी पालिकाही जमीन आत घेऊ शकते. हद्दीपासून गट नंबरापर्यंत सरळ रेषेच्या अंतराचा दाखला, नगररचना किंवा भूमी अभिलेखकडून. मोबाइलच्या नकाशावर अंदाज घ्या, पण काठावरच्या अंतराला तो पुरणार नाही. आणि मागच्या दोन वर्षांची पीकपाहणी.

निबंधक कार्यालयांकडे आपण एक मागणी लावून धरली पाहिजे. दस्त नोंदताना गट नंबर टाकला की मुद्रांक मूल्य क्षणात निघतं. तिथेच ही जमीन पालिकेच्या पट्ट्यात आहे की नाही हे दस्तावर छापून द्या. सरकारकडे हद्दीचे नकाशे आहेत, गटांचे नकाशे आहेत, जनगणना आहे. तीस लाखांच्या दस्ताची खबर दिल्लीला पोचवणारी यंत्रणा ही एक ओळ विकणाऱ्याला का देऊ शकत नाही, हे लेखी विचारा. आमच्या तालुक्यात हा अर्ज आम्ही येत्या आठवड्यात देतो आहोत. मसुदा हवा असेल त्यांनी कळवा.